टॅली विकत घ्यावं की भाड्याने?

आमचं तासगावात कृषी सेवा केंद्र आहे. आजवर हिशेब आमचे कर सल्लागार त्यांच्या ऑफिसात ठेवत होते. आता दुकानातच टॅली बसवायचं ठरलंय आणि ते मी सांभाळणार आहे. सासरे म्हणतात, एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स घे, दर महिन्याला कुणाचं देणं नको. दीर म्हणतो, भाड्यावर घे, नाही जमलं तर बंद करता येईल. मला खरी भीती एकच आहे, पैसे भरायचे थांबले तर आमचेच हिशेब आम्हाला उघडता येतील ना? शिवाय दुकानातलं ऑफिस २०१९ ‘संपलं’, आता त्याचीही वर्गणी भरा, असं कॉम्प्युटरवाला म्हणतो. ते खरं का?
— एक वाचक, तासगाव

ताई, टॅली विकत घ्या. पण घेण्याआधी सासऱ्यांना एक गोष्ट नीट समजावून सांगा. कायमच्या लायसन्सलाही एक तारीख असते. ती गेली म्हणून दुकानातलं टॅली बंद पडत नाही. मात्र त्या तारखेनंतर काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे आधी ठाऊक नसलं की लोक नको तेव्हा घाबरतात आणि घाबरून डेटाचं नुकसान करून बसतात.

टॅलीप्राइमचं कायमचं लायसन्स घेतलं की सोबत एक वर्षाचं टीएसएस मिळतं, म्हणजे टॅली सॉफ्टवेअर सर्व्हिसेस. लायसन्स आणि टीएसएस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लायसन्स म्हणजे प्रोग्राम चालवण्याचा हक्क, तो तुमच्याकडे कायम राहतो. टीएसएस म्हणजे नवी रिलीझ, म्हणजेच टॅलीची नवी आवृत्ती, घेण्याचा आणि टॅलीतून थेट इंटरनेटवर होणाऱ्या कामांचा हक्क, तो वर्षावर्षाने नव्याने विकत घ्यावा लागतो. टीएसएसच्या शेवटच्या तारखेपर्यंत जी रिलीझ बाजारात आली ती तुमची, पुढे कितीही वर्षं वापरा. त्या तारखेनंतर आलेली रिलीझ तुमची नाही. टॅलीत F1 दाबून About उघडलंत की सिरीयल नंबर, चालू असलेली रिलीझ आणि टीएसएसची मुदत दिसते. ते पान छापून वहीत चिकटवून ठेवा. का, ते एका उदाहरणाने सांगतो.

समजा, तुम्ही जून २०२६ मध्ये लायसन्स घेतलं. टीएसएस जून २०२७ ला संपलं आणि तुम्ही ते वाढवलं नाही. वर्षभर काहीच बिघडलं नाही, बिलं निघत राहिली. मग २०२८ च्या वळवात वीज कडाडली आणि कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क मात्र वाचली. नवा कॉम्प्युटर आला. तो बसवणाऱ्या मुलाने टॅलीच्या साइटवरून सगळ्यात ताजी रिलीझ उतरवली, तुमचा सिरीयल नंबर टाकला आणि पडद्यावर Educational Mode अशी अक्षरं आली. या मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात. घरात सगळ्यांना वाटलं, लायसन्स गेलं. सासरे म्हणाले, मग कायमचं काय घेतलं आपण?

लायसन्स कुठेही गेलेलं नाही. बसवलेली रिलीझ तुमच्या टीएसएसच्या तारखेनंतरची आहे, एवढंच झालंय. ती काढायची, जून २०२७ पर्यंत आलेल्यांपैकी तुमच्याकडे चालत होती तीच रिलीझ बसवायची, लायसन्स पुन्हा सुरू करून घ्यायचं, की सगळं पहिल्यासारखं. जुन्या रिलीझ कंपनीच्या साइटवरही असतात. तरी आपली सेटअप फाइल पेन ड्राइव्हवर जपून ठेवावी, कारण अशा दिवशी इंटरनेटवर शोधत बसायला वेळ नसतो.

खरा धोका पुढच्या पायरीवर आहे. त्या मुलाने ताज्या रिलीझमध्ये तुमची कंपनी उघडून बघितली आणि डेटा नव्या रूपात बदलू का, या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं, तर ती प्रत जुन्या रिलीझमध्ये परत उघडत नाही. सगळ्याच रिलीझमध्ये असं होत नाही, पण काही मोठ्या रिलीझमध्ये डेटा साठवण्याची मांडणीच बदलते. २०२३ साली आलेली टॅलीप्राइम ३.० तशी होती. तिच्यात गेलेला डेटा २.१ मध्ये मागे आणता येत नव्हता. अशा वेळी मागे फिरायचं तर आधीचा बॅकअप लागतो, आणि तो नऊ दिवसांपूर्वीचा असेल तर नऊ दिवसांची बिलं पुन्हा हाताने भरावी लागतात. जूनच्या पेरणीत नऊ दिवसांची बिलं म्हणजे किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून नव्या मशीनवर टॅली उघडण्याच्या आधी डेटाचा अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचा आणि मगच बाकीचं. हे बसवायला येणाऱ्याला सांगून ठेवा, त्याच्या लक्षात येईल म्हणून सोडू नका.

आता टीएसएस दरवर्षी भरावं का? ‘नवी फीचर्स मिळतात’ म्हणून ते घ्या असं मी सांगणार नाही. दुकानाला नव्या फीचरची गरज क्वचितच असते. सरकारी नियम बदलले की मात्र नवी रिलीझ लागते, तीही प्रत्येक बदलाला नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि काही जैविक कीटकनाशकं १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. तुमच्या दुकानातलाच माल. तो बदल टॅलीत मालाच्या नोंदीत नवा दर आणि तारीख घालून झाला, त्यासाठी नवी रिलीझ घ्यावी लागली नाही. त्याच वर्षी जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणातल्या एचएसएनच्या, म्हणजे मालाच्या सांकेतिक क्रमांकांच्या, तक्त्याचे दोन भाग झाले, नोंदणीकृत गिऱ्हाइकांची विक्री वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी. हा विवरणाच्या साच्यातला बदल. जुनी रिलीझ असा विभागलेला तक्ता देत नाही, मग आकडे हाताने वेगळे काढावे लागतात. दर बदलला तर आपण निभावतो, साचा बदलला तर नवी रिलीझ लागते. तुमच्याकडे शेतकऱ्यांना थेट विक्री आणि छोट्या दुकानदारांना घाऊक विक्री, अशी दोन्ही असणार. म्हणजे हा तक्ता तुमच्या रोजच्या कामातला आहे.

टीएसएस संपलं की टॅलीतून थेट होणारी ऑनलाइन कामंही थांबतात. पोर्टलवर विवरण चढवणं, ई-वे बिल काढणं, ई-इन्व्हॉइस काढणं ही त्यातली मुख्य. ई-इन्व्हॉइस वार्षिक उलाढाल ५ कोटींवर गेली की बंधनकारक होतं, त्याखाली असाल तर त्याची चिंता नको. बाकीची कामं टॅलीतून फाइल काढून पोर्टलवर चढवून करता येतात. वेळ जातो, पण काम अडत नाही.

माझ्या मते टीएसएस चालू ठेवण्याचं तुमच्यासाठी सर्वांत मोठं कारण वेगळंच आहे, आणि ते सहसा कुणी आधी सांगत नाही. तुमचा डेटा दोन ठिकाणी राहणार आहे, दुकानात आणि कर सल्लागारांच्या ऑफिसात. मार्च संपला की तुम्ही त्यांना बॅकअप पाठवाल. ते घसारा, तरतुदी, चुकांच्या दुरुस्त्या अशा नोंदी घालतील आणि डेटा परत देतील. त्यांच्याकडे पन्नास गिऱ्हाइकं असतात, त्यामुळे त्यांचं टॅली कायम ताज्या रिलीझवर असतं. तुमची रिलीझ जुनी आणि मधे मांडणी बदललेली असेल, तर त्यांनी परत दिलेला डेटा तुमच्याकडे उघडणारच नाही. मग त्या नोंदी तुम्हाला कागदावरून बघून पुन्हा घालाव्या लागतील, किंवा त्यांना दुकानात येऊन बसावं लागेल. व्यापाऱ्यांची वर्षअखेर अडलेली मी पाहिली आहे ती बहुतेक वेळा याच कारणाने. पैसे भरण्याआधी सल्लागारांना फोन करून विचारा, तुम्ही कोणत्या रिलीझवर आहात आणि ती किती वेळा बदलता. ते दरवर्षी बदलत असतील तर तुम्हालाही टीएसएस दरवर्षी भरावं लागेल असंच धरून चाला.

आता दिराचा मार्ग. भाड्याच्या लायसन्समध्ये सगळं मिळतं, ताजी रिलीझही आणि ऑनलाइन कामंही. भाडं थांबलं की टॅली Educational Mode मध्ये जातं. तुमच्या भीतीचं उत्तर इथे आहे. डेटा तुमच्याच डिस्कवर असतो. तो कुणी ओढून नेत नाही, पुसत नाही, कुलूपही लावत नाही. कंपनी उघडते, खाती आणि ताळेबंद बघता येतात. फक्त १, २ आणि ३१ सोडून इतर तारखांना नवी नोंद होत नाही, म्हणजे दुकान चालवायला ते निरुपयोगी. पुन्हा भाडं भरलं की जिथे थांबलात तिथून पुढे काम सुरू. सीझनपुरतं भाडं भरू, असं दिराच्या मनात असेल, तर ते तुमच्या धंद्याला बसणार नाही. माल कमी विकला जातो त्या महिन्यांतही उधारीची वसुली, कंपन्यांची देणी आणि जीएसटीची विवरणं चालूच असतात.

पैशांचा हिशेब मी एकाच कॉम्प्युटरवरच्या सिल्व्हर लायसन्सचा मांडतो. कायमचं लायसन्स २२,५०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून २६,५५०. पुढे दरवर्षी टीएसएस ४,५००, जीएसटीसह ५,३१०. मासिक भाडं ७५०, जीएसटीसह ८८५. पहिल्या वर्षी विकत घेणाऱ्याचे २६,५५० जातात आणि भाडेकऱ्याचे १०,६२०. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस ३७,१७० आणि ३१,८६०. चौथ्या वर्षाच्या अखेरीस दोन्हीकडे बरोबर ४२,४८० होतात. तिथून पुढे विकत घेणाऱ्याचा खर्च दरवर्षी भाड्याच्या निम्मा. टीएसएस कधीच वाढवलं नाही, तर विकत घेणं तीस महिन्यांतच भाड्याइतकं होतं. हे दर बदलत असतात, म्हणून पार्टनरकडून, म्हणजे टॅलीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, लेखी कोटेशन घेऊन हाच हिशेब पुन्हा करा. तुम्ही नियमित जीएसटीत असाल तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, पण ते दोन्ही मार्गांना सारखंच मिळतं, त्यामुळे चार वर्षांचं गणित बदलत नाही.

चार वर्षं टॅली वापराल का, हा प्रश्न मग उरतो. तुमचं दुकान आधीच चालतंय, तुम्ही स्वतः हिशेब हातात घेताय, म्हणून मी विकत घ्या म्हणतो. तरी दिराचं थोडं ऐकण्यासारखं आहे. पहिले दोन महिने भाड्यावर घ्या, सल्लागारांशी डेटाची एक देवाणघेवाण करून बघा, हात बसतोय का बघा. १,७७० रुपयांत तेवढं कळणं महाग नाही. तोच डेटा नंतर विकतच्या लायसन्सवर तसाच चालतो, फक्त रिलीझ तीच किंवा पुढची असली पाहिजे.

लायसन्स कसलंही घ्या, हिशेब मात्र टॅलीवाचूनही वाचता आले पाहिजेत. जीएसटी कायद्यानुसार त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. २०२६-२७ ची ती तारीख ३१ डिसेंबर २०२७, म्हणजे त्या वर्षाचे हिशेब ३१ डिसेंबर २०३३ पर्यंत दाखवता आले पाहिजेत. तोवर तुम्ही टॅली वापरत असाल की दुसरं काही, आज कोण सांगणार? म्हणून दर वर्षी सल्लागारांनी हिशेब अंतिम केले की एक दुपार काढा. Alt+E दाबून रोजकीर्द, सगळी खाती, तेरीज, मालाचा साठा आणि विक्री-खरेदीच्या नोंदवह्या पीडीएफमध्ये काढा, त्याच एक्सेलमध्येही काढा. पीडीएफ अधिकाऱ्याला दाखवायला, एक्सेल उद्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये न्यायला. मग Alt+Y मधून बॅकअप घ्या आणि त्याच्याच शेजारी त्या वेळच्या रिलीझची सेटअप फाइल ठेवा. नुसता बॅकअप पुरत नाही, कारण तो उघडायला तीच किंवा तिच्या पुढची रिलीझ लागते. पेन ड्राइव्हच्या पाकिटावर वर्ष आणि रिलीझचा नंबर लिहा. दोन प्रती करा, एक दुकानात, एक घरी.

कंपनीला टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावणार असाल तर तोही कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. त्याने डेटा सांकेतिक रूपात बंद होतो, आणि पासवर्ड विसरलात तर तो कुणालाच परत मिळवून देता येत नाही. लायसन्स चालू असलं तरीही.

आता ऑफिस २०१९. कॉम्प्युटरवाला अर्धं खरं सांगतोय. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१६ आणि २०१९ चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. म्हणजे त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. प्रोग्राम मात्र चालतो, जुन्या फाइल उघडतात, नव्या करता येतात. तुमचं ते लायसन्स कायमचं होतं आणि अजूनही आहे. टॅलीत जुनी रिलीझ म्हणजे जुना साचा, इथे जुनी आवृत्ती म्हणजे उघडं राहिलेलं भोक. बाहेरून ईमेलवर आलेली एक्सेल किंवा वर्ड फाइल त्या ऑफिसमध्ये उघडणं हा खरा धोका. कंपन्यांचे दरपत्रक, बँकेच्या नावाने आलेली पत्रं तुम्ही रोज उघडत असणार, म्हणून मी ते बदला म्हणेन. विंडोज १० चा आधारही नेमका त्याच दिवशी संपला. तुमच्या मशीनवर तेच असेल तर आधी विंडोजचा विचार करा. तेच जुनं राहिलं, तर नुसतं ऑफिस नवं घेऊन फारसं साधणार नाही.

पण बदल म्हणजे वर्गणीच, असं नाही. ऑफिस २०२४ एकरकमी मिळतं. ते एका कॉम्प्युटरसाठी असतं, त्याला ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत आधार आहे आणि पुढची आवृत्ती त्यात फुकट मिळत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ ही वर्गणी. ती थांबली की काही काळाने वर्ड-एक्सेल फक्त वाचायला आणि छापायला उरतात, बदल करता येत नाहीत. फाइल तुमच्या डिस्कवर असतील तर त्या तुमच्याच. लिब्रेऑफिस फुकट बसवून त्यात उघडा, साध्या दरपत्रकांना आणि पत्रांना काही होत नाही. वनड्राइव्हवर ठेवलेल्या फाइलींकडे मात्र लक्ष हवं. वर्गणीसोबत १ टीबी जागा मिळते, वर्गणी गेली की फुकटची ५ जीबी उरते. त्याहून जास्त साठवलेलं असेल तर नवं काही चढत नाही, आणि सहा महिने तसंच राहिलं तर कंपनी त्या फाइल काढूनही टाकू शकते. टॅलीचा बॅकअप आपोआप वनड्राइव्हवर जाईल अशी सोय कुणी करून दिली, तर तीच एकमेव प्रत ठेवू नका. दुकानाच्या एका मशीनसाठी मी ऑफिस २०२४ घेईन. घरात मुलांचे, दिराचे मिळून चार-पाच कॉम्प्युटर असतील, तरच ३६५ च्या सहा जणांच्या फॅमिली योजनेचा हिशेब करा.

शेवटचं काम टॅली घ्यायच्या दिवशीचं. लायसन्स सुरू करताना पार्टनर ईमेल विचारेल. पुष्कळदा घाई असते आणि बसवायला आलेला माणूस स्वतःचाच ईमेल टाकून मोकळा होतो, किंवा दुकानातल्या कामगाराचा टाकला जातो. लायसन्स पुन्हा सुरू करायची किल्ली पुढे त्याच पत्त्यावर येते. मदरबोर्ड जळालेल्या त्या दिवशी तो माणूस फोन उचलत नसेल, तर विकत घेतलेलं लायसन्स असूनही तुम्ही अडकून बसाल. म्हणून दुकानाच्या नावाने एक ईमेल आदल्या दिवशीच उघडा, त्याला सासऱ्यांचा किंवा तुमचा मोबाइल जोडा, आणि पार्टनर समोर बसलेला असताना तोच पत्ता टाकला गेलाय हे पडद्यावर स्वतः वाचून बघा. पावतीवर सिरीयल नंबर दुकानाच्याच नावावर आहे ना, तेही तिथल्या तिथे तपासा.